साध्या बॅकटेस्टमधला नफा कोठे विरतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१. येथे कोणती पद्धत तपासली आहे?

खालील सर्व उत्तरे एकाच साध्या पद्धतीभोवती लिहिली आहेत, कारण चुका सुट्या सुट्या समजावल्या की त्या किरकोळ वाटतात आणि एकाच हिशेबात एकापाठोपाठ वजा होताना पाहिल्या की त्यांचे खरे वजन कळते. पद्धत अशी आहे: ५०० मोठ्या कंपन्यांचा एक निर्देशांक घ्यायचा, दर महिन्याच्या अखेरीस त्या महिन्यात सर्वाधिक घसरलेले २० शेअर निवडायचे, प्रत्येकात भांडवलाचा ५ टक्के भाग गुंतवायचा आणि पुढच्या महिनाअखेरीस नवी यादी काढून जे शेअर तीत बसत नाहीत ते विकून टाकायचे.

यामागची कल्पना नवी नाही. नरसिंहन जेगदीश आणि ब्रूस लेहमन या दोघांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या वेगवेगळ्या अभ्यासांत असे दाखवले होते की अल्पकाळात जास्त घसरलेले शेअर त्यानंतरच्या अल्पकाळात सरासरीहून बरा परतावा देतात. म्हणजे पद्धतीला आधार नाही असे म्हणता येणार नाही. प्रश्न एवढाच आहे की बॅकटेस्टमध्ये, म्हणजे जुन्या भावांवर पद्धत चालवून पाहण्याच्या चाचणीत, दिसणाऱ्या परताव्यापैकी किती भाग या परिणामाचा आहे आणि किती भाग चाचणीतल्या चुकांचा.

समजा १५ वर्षांच्या, म्हणजे १८० महिन्यांच्या चाचणीत महिन्याला सरासरी १.९ टक्के परतावा दिसला. चक्रवाढीने तो वर्षाला २५.३ टक्के होतो. त्याच काळात निर्देशांकाने वर्षाला ११ टक्के दिले. हे आणि पुढचे हिशेबातले आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत. वाचकाच्या स्वतःच्या चाचणीत ते वेगळे येतील, पण वजाबाकीचा क्रम तोच राहील.

२. सर्व्हायव्हरशिप बायस म्हणजे काय, आणि तो या चाचणीत शिरतो कोठून?

फक्त टिकून राहिलेल्या कंपन्याच मोजल्यामुळे निकाल फुगतो, हा सर्व्हायव्हरशिप बायस, आणि तो यादीतून शिरतो. चाचणी करणारा माणूस निर्देशांकातील आजच्या ५०० कंपन्यांची नावे उतरवून घेतो, त्या नावांचे १५ वर्षांचे भाव गोळा करतो आणि चाचणी चालवतो. या यादीत येण्याची अट कोणी मुद्दाम लिहिलेली नसते, तरीही ती लागू असतेच: कंपनी आजपर्यंत टिकलेली असली पाहिजे. जी कंपनी मधल्या काळात बुडाली, तिचे नाव आजच्या यादीत नाही, आणि म्हणून ती बुडण्याआधीच्या महिन्यांतही चाचणीला दिसत नाही.

याच यादीत दुसरी एक चूक दडलेली असते आणि तिच्याकडे फार कमी लोकांचे लक्ष जाते. आजच्या ५०० पैकी बऱ्याच कंपन्या १५ वर्षांपूर्वी निर्देशांकात नव्हत्या. त्या तेव्हा लहान होत्या आणि मधल्या काळात वाढल्या म्हणूनच आत आल्या. अशी कंपनी चाचणीच्या तिसऱ्या वर्षी एका महिन्यात २५ टक्के घसरली आणि पद्धतीने ती विकत घेतली, तर ती पुढे सावरणार हे यादीला आधीच माहीत असते. बुडालेल्यांची गैरहजेरी हा दोषाचा एक अर्धा भाग आहे आणि भावी विजेत्यांची वेळेआधीची हजेरी हा दुसरा.

३. मोठ्या कंपन्या क्वचितच बुडतात. मग एवढा फरक कसा पडेल?

निर्देशांकाच्या सरासरीवर फारसा फरक पडत नाही हे खरे आहे, पण येथे आपण सरासरी विकत घेत नाही. आपली पद्धत दर महिन्याला सर्वांत जास्त घसरलेले २० शेअर शोधते, आणि बुडणारी कंपनी बुडण्याआधी जवळजवळ नेहमीच त्या २० मध्ये येऊन जाते. ५०० मध्ये विखुरलेली दुर्मीळ घटना ही पद्धत स्वतःच वेचून आपल्या पदरात आणून टाकते. चढत्या शेअरांमागे जाणाऱ्या पद्धतीत हाच दोष इतका तीव्र नसतो, कारण बुडणारी कंपनी तिच्या यादीतून बहुधा खूप आधी गळालेली असते.

एन्रॉनचे उदाहरण घ्यावे. ऑक्टोबर २००१ मध्ये तिचा भाव साधारण निम्म्यावर आला, म्हणजे त्या महिनाअखेरीस आपल्या पद्धतीने तो शेअर निश्चितच घेतला असता. नोव्हेंबर संपताना भाव एका डॉलरच्याही खाली होता आणि डिसेंबरच्या सुरुवातीला कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. पोर्टफोलिओच्या ५ टक्क्यांतले जवळपास सगळे एका महिन्यात गेले असते. आजच्या यादीवर चालवलेल्या चाचणीत मात्र त्या महिन्यात एन्रॉनच्या जागी एकविसाव्या क्रमांकाचा कोणी तरी तगलेला शेअर येऊन बसतो आणि नेमाने थोडा नफा देऊन जातो.

आता हिशेब. १८० महिन्यांत २० प्रमाणे ३६०० निवडी झाल्या. समजा खऱ्या यादीवर त्यांपैकी फक्त १८ निवडी, म्हणजे अर्धा टक्का, अशा निघाल्या की त्या एका महिन्यात सरासरी ५० टक्के बुडाल्या. चाचणीत त्यांच्या जागी सरासरी १.९ टक्के कमावणारे शेअर होते, म्हणजे प्रत्येक जागी सुमारे ५२ टक्क्यांचा फरक. अर्ध्या टक्क्याला ५२ ने गुणले की महिन्याला ०.२६ टक्के येतात. भावी विजेत्यांच्या हजेरीसाठी आणखी ०.१४ टक्के धरू. एकूण ०.४ टक्के गेले, महिन्याचा परतावा १.५ वर आला आणि वर्षाचा १९.६ वर. यात मोठ्या तोट्यांमुळे चढउतार वाढून चक्रवाढीला जो आणखी फटका बसतो, तो धरलेलाच नाही.

४. मी बुडालेल्या कंपन्यांचे भावही मिळवून चाचणीत घातले. आता दोष गेला ना?

बहुधा अर्धाच गेला. शेअर बाजाराच्या सूचीतून वगळला गेला की भावांची ओळ तेथेच तुटते, आणि शेवटचा नोंदलेला भाव व भागधारकाच्या हाती खरोखर आलेली रक्कम यांत मोठे अंतर असू शकते. टायलर शमवे यांनी १९९७ साली अमेरिकेतील सीआरएसपी या संशोधकांनी सर्रास वापरलेल्या माहितीसंचात नेमका हाच दोष दाखवला: खराब कामगिरीमुळे वगळल्या गेलेल्या बऱ्याच शेअरांचा वगळण्याच्या वेळचा परतावा नोंदलेलाच नव्हता. न्यूयॉर्कच्या बाजारातील अशा शेअरांसाठी तो सरासरी सुमारे उणे ३० टक्के धरावा असे त्यांच्या कामातून पुढे आले, आणि पुढे विन्सेंट वॉर्थर यांच्यासह केलेल्या १९९९ च्या अभ्यासात नॅसडॅकसाठी हा आकडा उणे ५५ टक्क्यांच्या आसपास निघाला.

याउलट वगळलेली प्रत्येक कंपनी बुडालेली नसते. पुष्कळ कंपन्या दुसऱ्या कंपनीने विकत घेतल्यामुळे नाहीशा होतात आणि त्यांच्या भागधारकांना सहसा बाजारभावाहून जास्त रक्कम मिळते. म्हणून तुटलेल्या प्रत्येक ओळीला सरसकट उणे १०० टक्के लावणे हीसुद्धा चूकच आहे, फक्त उलट दिशेची. वगळण्याचे कारण माहितीत असलेच पाहिजे. ते नसेल तर निदान दोन्ही टोके धरून चाचणी दोनदा चालवावी आणि उत्तर किती हलते ते पाहावे.

५. माहिती बरोबर असूनही प्रोग्राममध्ये हा दोष परत येऊ शकतो का?

येतो, आणि गुपचूप येतो. माझ्या स्वतःच्या एका जुन्या चाचणीत मी वगळलेल्या कंपन्यांची माहिती कष्टाने जमवली होती आणि तक्ता नीटनेटका दिसावा म्हणून पुढच्याच ओळीत `dropna(axis=1)` लिहिले होते. ज्या रकान्यात एकही जागा रिकामी आहे तो रकाना ही आज्ञा संपूर्ण काढून टाकते. मध्येच संपलेल्या प्रत्येक कंपनीचा रकाना अर्थातच अपूर्ण होता, त्यामुळे जमवलेली सगळी माहिती एका ओळीत गेली आणि निकाल फारच सुंदर आला.

याहून फसवा प्रकार पुढील तुकड्यात आहे, जो वरवर पाहता पूर्ण बरोबर आहे.

```python
w = target.shift(1).fillna(0)
gross = (w * ret).sum(axis=1)
turn = w.diff().abs().sum(axis=1)
net = gross - turn * side_cost
```

`target` मध्ये महिनाअखेरीस ठरलेली वजने आहेत आणि `shift(1)` मुळे ती पुढच्या महिन्याच्या परताव्याला लागतात, हे योग्य आहे. अडचण दुसऱ्या ओळीत आहे. `ret` मध्ये महिन्याचे परतावे आहेत, आणि कंपनी वगळली गेलेल्या महिन्यात तेथील जागा `NaN`, म्हणजे रिकामी असेल, तर `sum` ती जागा सोडून देतो, म्हणजे तोटा शून्य धरला जातो. बुडालेला शेअर चाचणीत जणू खरेदीच्या भावाला परत केला जातो. भाव `ffill` ने पुढे ओढले तरी परिणाम हाच होतो, कारण गोठलेल्या भावाचा परतावा शून्य असतो. बेरजेआधी एकच तपासणी करावी: ज्या जागी वजन शून्याहून जास्त आहे आणि परतावा रिकामा आहे अशा जागा मोजाव्यात, त्या छापाव्यात आणि प्रत्येकीचे काय झाले ते हाताने भरावे. सहसा त्या काही डझनच निघतात.

६. माझ्या माहितीत हा दोष आहे की नाही हे पटकन कसे ओळखावे?

चाचणीच्या पहिल्या वर्षी उपलब्ध असलेल्या कंपन्या मोजाव्यात आणि त्यांपैकी किती कंपन्यांचे भाव शेवटच्या दिवसापर्यंत चालू आहेत ते पाहावे. १५ वर्षांनंतर जवळजवळ सगळ्याच जिवंत असतील, तर यादी आजची आहे. दुसरी खूण म्हणजे कंपन्यांची संख्या वर्षागणिक वाढत जाणे. त्या त्या तारखेची खरी यादी वापरली असती तर ती कायम ५०० च्या आसपास राहिली असती.

माहिती त्या काळाइतकी मागे जात असेल तर ठाऊक असलेली नावे शोधावीत. १५ सप्टेंबर २००८ रोजी दिवाळखोरीचा अर्ज केलेली लेहमन ब्रदर्स सापडत नसेल, तर पुढे जाण्यात अर्थ नाही. शोध शेअरच्या टिकर चिन्हावरून घेऊ नये, कारण बंद पडलेल्या कंपनीचे चिन्ह कालांतराने दुसऱ्या कंपनीला दिले जाते आणि दोन कंपन्यांचे भाव एकाच ओळीत जोडलेले आढळतात. तिसरी तपासणी मला सर्वांत भरवशाची वाटते: कोणतीही पद्धत न लावता आपल्या यादीतील सगळे शेअर समान वजनाने दर महिन्याला धरावेत आणि तो परतावा त्याच निर्देशांकाच्या अधिकृत समान-वजन आवृत्तीशी ताडून पाहावा. आपली यादी वर्षाला दोन-तीन टक्क्यांनी पुढे असेल, तर तो फरक कोणत्याही कौशल्याचा नाही.

७. महिनाअखेरच्या बंद भावावर निवड करून त्याच भावाला खरेदी धरली तर काय बिघडते?

दोन गोष्टी बिघडतात. पहिली सरळ आहे: बंद भाव कळल्यावर यादी तयार होते आणि तोवर त्या भावाला खरेदी करण्याची वेळ गेलेली असते. दुसरी बारीक आहे. बाजारात एका वेळी दोन भाव असतात, खरेदीदार देऊ करतो तो बिड आणि विक्रेता मागतो तो आस्क, आणि नोंदला गेलेला बंद भाव या दोहोंपैकी कोणत्या तरी एकाजवळ झालेला शेवटचा व्यवहार असतो. सर्वाधिक घसरलेले शेअर निवडताना आपण नकळत असे शेअर जास्त उचलतो ज्यांचा शेवटचा व्यवहार बिडवर झाला, कारण त्यांची घसरण तेवढीच जास्त दिसते.

समजा मधला भाव १०० आहे, बिड ९९.८५ आणि आस्क १००.१५. निवडलेल्या शेअरांपैकी दोन तृतीयांशांचा बंद भाव बिडवर आणि एक तृतीयांशाचा आस्कवर असेल, तर चाचणीतील सरासरी खरेदी ९९.९५ ला होते. पुढच्या महिनाअखेरीस हा कल उरत नाही, त्यामुळे ०.०५ टक्के नफा काही न घडताच जमा होतो. मोठ्या शेअरांत हे थोडे आहे. जेथे बिड-आस्कमधले अंतर २ टक्के असते, अशा लहान शेअरांत मात्र या उसळीतूनच अख्खी पद्धत उभी राहिलेली मी पाहिली आहे.

उपाय सोपा आहे: निवड बंद भावावर करावी आणि खरेदी पुढच्या दिवशीच्या भावाला धरावी. घसरलेल्या शेअरांची काही सुधारणा रात्रीतूनच होऊन गेलेली असते, तीही यात निसटते. दोन्ही मिळून महिन्याला ०.२ टक्के गेले असे धरू. परतावा १.३ वर आला, म्हणजे वर्षाला १६.८ टक्के. पद्धत अजूनही निर्देशांकाच्या पुढे आहे, आणि बहुतेक लोक नेमके येथेच समाधान मानून थांबतात.

८. व्यवहारखर्चात काय काय धरावे आणि तो कितीदा लावावा?

उघड खर्च म्हणजे दलाली, कर आणि बाजाराचे शुल्क. हे दरपत्रकात छापलेले असतात आणि त्यांत चूक करण्यास निमित्त नाही. न छापलेला खर्च म्हणजे बिड-आस्कमधल्या अंतराचा अर्धा भाग, जो खरेदीला एकदा आणि विक्रीला एकदा द्यावा लागतो. तिसरा म्हणजे स्लिपेज, ज्याबद्दल पुढे लिहिले आहे. आपल्या उदाहरणात एका बाजूला उघड खर्च ०.१५, अर्धे अंतर ०.१५ आणि स्लिपेज ०.२० धरू, एकूण ०.५ टक्के.

हा आकडा ऐकायला लहान आहे आणि त्याचमुळे तो दुर्लक्षिला जातो. पण खर्च किती हे दराइतकेच पोर्टफोलिओ किती वेळा बदलतो यावर ठरते. गेल्या महिन्यात सर्वाधिक घसरलेले शेअर या महिन्यातही तळाच्या २० मध्ये राहतील असे क्वचित घडते. समजा २० पैकी १८ बदलतात. ९० टक्के पोर्टफोलिओ विकला आणि ९० टक्के विकत घेतला, म्हणजे भांडवलाच्या १.८ पट व्यवहार झाला आणि त्यावर ०.५ टक्के दराने महिन्याला ०.९ टक्के खर्च लागला. वरच्या प्रोग्राममधील `turn` हाच १.८ आकडा देतो, कारण त्यात खरेदी व विक्री दोन्हींची बेरीज आहे. कोणी त्याला चुकून पुन्हा दोनाने गुणतात, तर कोणी एकाच बाजूचा फेरबदल घेऊन दर मात्र एका बाजूचाच ठेवतात. शिवाय महिन्याभरात भाव हलल्यामुळे वजने ५ टक्क्यांपासून सरकलेली असतात आणि ती पूर्ववत करण्यासाठीही व्यवहार लागतो, जो `w.diff()` ला दिसत नाही. येथे तो लहान आहे म्हणून सोडला आहे.

१.३ मधून ०.९ गेले, उरले ०.४. वर्षाचा परतावा ४.९ टक्के झाला. निर्देशांक ११ टक्क्यांवर आहे.

९. स्लिपेज आणि बिड-आस्कचे अंतर यांत फरक काय?

निर्णय घेतला त्या क्षणीचा मधला भाव आणि प्रत्यक्ष व्यवहार झाला तो सरासरी भाव, यांतील एकूण फरकालाच पुष्कळ जण स्लिपेज म्हणतात आणि त्या अर्थाने अर्धे अंतर त्यातच आले. या पानावर ते वेगळे ठेवले आहे आणि स्लिपेज म्हणजे अंतर ओलांडून झाल्यावर उरलेले नुकसान: ऑर्डर पोहोचेपर्यंत भाव सरकणे आणि आपल्या स्वतःच्या खरेदीने भाव वर ढकलला जाणे. कोणताही अर्थ घ्यावा, पण एकाच हिशेबात दोन्ही घेऊन अर्धे अंतर दोनदा वजा करू नये.

स्वतःच्या खरेदीने होणारा परिणाम ढोबळपणे मोजण्यासाठी व्यवसायात वर्गमुळाचा नियम वापरला जातो: शेअरच्या रोजच्या चढउताराला, आपली ऑर्डर दिवसाच्या उलाढालीचा जेवढा हिस्सा आहे त्याच्या वर्गमुळाने गुणायचे. रोजचा चढउतार २ टक्के आणि ऑर्डर उलाढालीच्या १ टक्का असेल, तर ०.०१ चे वर्गमूळ ०.१, म्हणून खर्च ०.२ टक्के. आपला आकडा तेथून आला. पुढे एक गुणक असतो, जो साधारण १ च्या आसपास धरला जातो आणि बाजारानुसार बदलतो, त्यामुळे याला मोजपट्टी न मानता अंदाज मानावे.

या नियमाचा अर्थ असा की खर्च भांडवलावर अवलंबून आहे. तेच २० शेअर, तीच पद्धत, पण भांडवल चौपट केले की ऑर्डर उलाढालीच्या ४ टक्के होते, स्लिपेज ०.२ वरून ०.४ वर जाते, एका बाजूचा खर्च ०.७ होतो आणि महिन्याचा १.२६. मग उरतात ०.०४ टक्के. त्यामुळे भांडवलाचा आकडा न सांगता दिलेला बॅकटेस्टचा निकाल अपुरा असतो.

१०. सगळ्या शेअरांना आणि सगळ्या महिन्यांना एकच सरासरी खर्च लावला तर चालेल का?

या पद्धतीत चालणार नाही, आणि कारण पद्धतीच्या स्वभावातच आहे. ती जे शेअर घेते ते नुकतेच जोरात पडलेले असतात. त्यांचा चढउतार त्या वेळी नेहमीच्या दुप्पट असू शकतो आणि बिड-आस्कमधले अंतरही रुंदावलेले असते. निर्देशांकातील सरासरी शेअरचा खर्च त्यांना लावणे म्हणजे आग लागलेल्या घराचा विमा शेजारच्या घराच्या दराने मागणे.

महिन्यांचेही तसेच आहे. घसरणीनंतरची उसळी सर्वांत मोठी असते ती घबराटीच्या महिन्यांत, आणि त्याच महिन्यांत खर्चही सर्वांत जास्त असतो. चाचणीतला नफा थोड्या महिन्यांत एकवटलेला असतो. तेथे सरासरी खर्च लावला की नेमका जेथे नफा जास्त तेथे खर्च कमी मोजला जातो. निदान रोजच्या चढउताराच्या प्रमाणात खर्च बदलता ठेवावा. तसे केल्यावर कोणते महिने नफ्यातून तोट्यात गेले याची यादी पाहणे एकूण आकड्यापेक्षा जास्त उपयोगी ठरते.

११. बाजारभावाऐवजी मर्यादा ठरवून लिमिट ऑर्डर दिली तर हा खर्च वाचतो ना?

कागदावर वाचतो. चाचणीत सहसा असे लिहिले जाते की दिवसाचा नीचांक आपल्या मर्यादेला टेकला तर खरेदी झाली. प्रत्यक्षात त्या भावावर आपल्या आधी रांगेत उभे असलेले लोक असतात. भाव केवळ टेकून परतला तर त्यांची खरेदी होते, आपली होत नाही. आपली खरेदी खात्रीने होते ती भाव मर्यादा तोडून आणखी खाली गेल्यावर. म्हणजे जे शेअर सावरतात ते हातून सुटतात आणि जे पडतच राहतात ते पूर्णपणे मिळतात. मर्यादेच्या निदान एक टप्पा खाली भाव गेला तरच खरेदी झाली असे धरावे, आणि न झालेल्या खरेद्यांचा पुढचा परतावा वेगळा मोजावा. तो झालेल्या खरेद्यांपेक्षा स्पष्टपणे चांगला निघाला, तर वाचलेले अंतर दुसऱ्या खिशातून गेले आहे.

१२. मग ही पद्धत टाकून द्यावी, की काही वाचवता येते?

आधी किती खर्च परवडतो ते काढावे. चुका दुरुस्त केल्यावरचा परतावा १.३ आणि व्यवहार १.८ पट, म्हणून एका बाजूला ०.७२ टक्के खर्च झाला की परतावा शून्य होतो. पण खरी तुलना शून्याशी नसून निर्देशांक नुसता धरून ठेवण्याशी आहे. वर्षाचे ११ टक्के म्हणजे महिन्याचे सुमारे ०.८७. तेवढे राखायचे तर एका बाजूचा खर्च जवळजवळ ०.२४ टक्क्यांच्या आत हवा, आणि आपल्या हिशेबात उघड खर्च व अर्धे अंतर मिळूनच ०.३० होतात. स्लिपेज शून्य धरले तरी हे गणित जुळत नाही.

फेरबदल कमी करणे हा नेहमीचा मार्ग आहे: शेअर तळाच्या २० मध्ये आला की घ्यायचा, पण तळाच्या ६० मधून बाहेर पडेपर्यंत विकायचा नाही. समजा यामुळे बदल ९० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आला आणि खर्चाआधीचा परतावा १.३ वरून १.१ झाला. खर्च ०.५, उरले ०.६, वर्षाला ७.४ टक्के. सुधारणा खरी आहे, तरीही पुरेशी नाही. येथे ६० ऐवजी ४०, ८०, १०० असे आकडे बदलत बसण्याचा मोह होतो आणि त्यांतला एखादा निर्देशांकाला मागे टाकतोही. परंतु त्याच १५ वर्षांवर दहा आकडे लावून निवडलेला अकरावा आकडा ही एक नवीन चूक आहे. आकडा आधी एका कालखंडावर ठरवावा आणि दुसऱ्या, न पाहिलेल्या कालखंडावर एकदाच तपासावा.

१३. खर्चाचा माझा अंदाज बरोबर आहे हे प्रत्यक्ष व्यवहारांतून कळायला किती वेळ लागतो?

वाटते त्याहून जास्त. प्रत्येक व्यवहाराच्या वेळी निर्णयाच्या क्षणीचा मधला भाव आणि मिळालेला भाव दोन्ही लिहून ठेवावेत. नुसता मिळालेला भाव लिहिला तर मागाहून काहीच मोजता येत नाही. एकेका व्यवहारातला फरक फार वरखाली होतो, कारण तेवढ्या वेळात बाजार स्वतःही हलत असतो. समजा ही वरखाली १ टक्क्याच्या प्रमाण विचलनाची आहे आणि सरासरी ०.०५ टक्क्यांच्या प्रमाण त्रुटीपर्यंत जाणून घ्यायची आहे. १ भागिले ०.०५ म्हणजे २०, त्याचा वर्ग ४००. एवढे व्यवहार लागतील. महिन्याला १८ खरेद्या आणि १८ विक्री धरल्या तर हे साधारण ११ महिने झाले. तोपर्यंत भांडवल लहान ठेवावे, पण लहान भांडवलावर मोजलेले स्लिपेज मोठ्या भांडवलाला तसेच लागू पडत नाही, हे ९ व्या उत्तरातल्या वर्गमुळाच्या नियमावरून स्पष्ट आहेच. भांडवल वाढवताना अपेक्षित खर्च त्या नियमाने आधी काढून ठेवावा आणि नव्या व्यवहारांची नोंद जुन्यांत न मिसळता वेगळी ठेवावी.